जोर नाही म्हणून बदल नाही, हे तुम्हाला कुणी सांगितलं?

वह्या मिटा. बाकाखालचे मोबाइल दप्तरात जाऊ देत. आज नवा धडा होणार नाही, कारण जुन्याचीच तुम्ही माती केली आहे. चाचणीचे पेपर तपासून झालेत. मार्क शेवटी सांगेन. आधी तुम्ही काय दिवे लावलेत ते ऐकून घ्या.

प्रश्न सरळ होता. स्टीलची प्लेट, 1000 मिलिमीटर लांब, 500 रुंद, 20 जाड. लांबीच्या दिशेने 120 एमपीए ताण, रुंदीच्या दिशेने 60 एमपीए ताण. जाडीच्या दिशेने काहीच नाही. E म्हणजे यंग मॉड्युलस 2 लाख एमपीए, प्वासाँ रेशो 0.3. तिन्ही दिशांचे स्ट्रेन काढा आणि जाडीत किती फरक पडतो ते सांगा. मागच्या आठवड्यात याच फळ्यावर करून दाखवलेलं गणित. आकडे तेवढे बदलले होते.

आणि तुम्ही काय लिहिलंत? निम्म्या वर्गाने लिहिलं, "जाडीच्या दिशेने स्ट्रेस नाही, म्हणून जाडीत बदल शून्य." एवढ्या ठामपणे लिहिलंय की वाचताना मलाच क्षणभर शंका यावी! पुढे कळस म्हणजे त्याखाली रेघ मारून चौकट केलीय. चुकीच्या उत्तराला चौकट केली म्हणून ते बरोबर होत नाही.

तुमच्यातले बरेच जण खोपोली लोकलने येता. घाटाच्या अंगाने डोंगरावरून उतरणारे टाटांच्या वीजघराचे पाइप लहानपणापासून बघता. खोपोलीचं वीजघर 1915 साली सुरू झालं, कर्जत तालुक्यातलं भिवपुरीचं 1922 साली. वर वळवण, ठोकरवाडीसारख्या तलावांत पाणी साठवायचं आणि सुमारे 500 मीटर खाली आणून टर्बाइनवर सोडायचं, हे काम इथे शंभर वर्षांहून जास्त काळ चाललंय. सहलीला जाता तेव्हा त्या पाइपांपुढे उभे राहून फोटो काढता. त्या पाइपाच्या पत्र्यात काय चाललंय, असा प्रश्न एकाला तरी पडला का? मी चाचणीत दिलेली प्लेट तिथलीच आहे. तुमच्या ओळखीची वस्तू समोर ठेवली, तरी तुम्हाला ती ओळखता आली नाही.

ऐका, कशी ते. 500 मीटर उंचीच्या पाण्याचा तळाशी दाब किती? 1000 गुणिले 9.81 गुणिले 500. सुमारे 4.9 एमपीए. आता पाइपाचा व्यास एक मीटर आणि पत्रा 20 मिलिमीटर धरा. हे आकडे मी वर्गासाठी धरलेत. वीजघराच्या पाइपाचं माप म्हणून बाहेर जाऊन सांगत बसू नका. परिघाच्या दिशेने येणारा स्ट्रेस, म्हणजे हूप स्ट्रेस, दाब गुणिले व्यास भागिले दोनदा जाडी. 4.9 गुणिले 1000, भागिले 40. साधारण 122. तोंडी हिशेबाला सोपं पडावं म्हणून 120 घेतलं. दोन्ही तोंडं बंद असतील तर पाइपाच्या लांबीच्या दिशेने याच्या निम्मा, म्हणजे 60. झाली की नाही चाचणीतली प्लेट? पाइपाचा एक तुकडा कापून सपाट केल्यासारखा मनात धरा. परिघाची दिशा पहिली, पाइपाच्या लांबीची दुसरी, जाडीची तिसरी.

आता त्या "बदल शून्य"वाल्यांनी उभं राहा. सगळ्यांनी. मागच्या बाकावरच्यांनीही.

टेन्साइल टेस्ट लॅबमध्ये केलीत ना? एक पट्टी ओढली. ओढली ती एकाच दिशेने. लांबीच्या दिशेने 120 एमपीए दिलं, तर लांबीचा स्ट्रेन 120 भागिले 2 लाख, म्हणजे 600 मायक्रोस्ट्रेन. दर मीटरमागे 0.6 मिलिमीटर. आणि त्याच वेळी पट्टी रुंदीलाही आक्रसली आणि जाडीलाही आक्रसली. रुंदीच्या बाजूने कुणी दाबलं होतं? जाडीच्या बाजूने कुणी हात लावला होता? कुणीच नाही. तरी दोन्हीकडे 180 मायक्रोस्ट्रेनने आक्रसली. 180 भागिले 600 म्हणजे 0.3. हाच तो प्वासाँ रेशो. ज्या दिशेला जोर नाही त्या दिशेला होणाऱ्या बदलाचंच तो माप आहे. तुम्ही तो आकडा प्रश्नातून उतरवून घेतला, "दिलेली माहिती" या मथळ्याखाली सुवाच्य अक्षरात लिहिला, आणि खाली म्हणालात की जोर नाही तर बदल नाही. मग 0.3 कशासाठी दिला होता, शोभेला?

बसा. आता खालचं वहीत उतरवून घ्या. पाठ करायला नव्हे, वाचायला.

```
ε₁ = (σ₁ − ν σ₂ − ν σ₃) / E
ε₂ = (σ₂ − ν σ₁ − ν σ₃) / E
ε₃ = (σ₃ − ν σ₁ − ν σ₂) / E
```

ही तीन समीकरणं म्हणजे आकाशवाणी नाही. त्या पट्टीचीच गोष्ट तीनदा सांगून बेरीज केली आहे. σ₁ एकटा लावला तर तो आपल्या दिशेला ताणतो आणि बाकी दोन दिशांना आक्रसवतो. σ₂ ही तेच करतो, σ₃ ही. तिन्ही एकदम लावले तर प्रत्येक दिशेला स्वतःचा ताण आणि शेजारच्या दोघांनी केलेलं आक्रसणं, सगळं एकत्र होतं. अशी बेरीज करता येते ती स्टील प्रमाणात वागतंय तोवरच, म्हणजे यील्डच्या खाली. आणि सगळ्या दिशांना एकसारखं वागतंय असं धरून. एवढं डोक्यात असेल तर समीकरण विसरलात तरी पाच मिनिटांत पुन्हा मांडता येतं. डोक्यात नसेल तर वजा की अधिक, इथेच गोंधळ होतो. झालाच आहे. ε₁ मध्ये "अधिक ν σ₂" लिहिणारे बरेच आहेत. म्हणजे यांच्या मते रुंदीला ओढलं की लांबीही वाढते. घरी जाऊन रबरबँड ओढून पाहा. तेवढं तरी पाहा.

आता गणित. पहिली दिशा: 120 वजा 0.3 गुणिले 60, म्हणजे 102. भागिले 2 लाख. 510 मायक्रोस्ट्रेन. दुसरी दिशा: 60 वजा 36, म्हणजे 24. भागिले 2 लाख. 120 मायक्रोस्ट्रेन. तिसरी, जी तुम्ही शून्य केलीत: वजा 0.3 गुणिले 180, म्हणजे वजा 54. भागिले 2 लाख. वजा 270 मायक्रोस्ट्रेन. 20 मिलिमीटर जाडीला गुणा. वजा 0.0054 मिलिमीटर. म्हणजे साडेपाच मायक्रॉनपेक्षा जरा कमी. केसाच्या जाडीचा दहावा भागही नाही. पण शून्य नाही. परीक्षेत फरक "नगण्य आहे" असं सांगणं वेगळं आणि "नाहीच" असं सांगणं वेगळं. नगण्य म्हणायला आधी तो किती ते काढावं लागतं.

आता दुसरा गट. यांनी लिहिलं, ε₁ म्हणजे 120 भागिले 2 लाख, 600. ε₂ म्हणजे 60 भागिले 2 लाख, 300. दोन वेगवेगळ्या पट्ट्या ओढल्यासारखं. अरे बाबांनो, ती एकच प्लेट आहे! बरोबर उत्तर 510 आणि 120, तुमचं 600 आणि 300. पहिल्या दिशेला थोडं जास्त, दुसऱ्या दिशेला अडीच पट. "सर, थोडाच फरक आहे," असं एकजण पेपर बघून म्हणाला. तो थोडा फरक कुठे भोवतो ते पुढे सांगतो. तोपर्यंत त्याने गप्प बसावं.

तिसरा गट तर विलक्षणच आहे. E दोनशे गिगापास्कल म्हणून यांनी सरळ 200 ने भागलं, आणि स्ट्रेस मात्र मेगापास्कलमध्येच ठेवला. उत्तर आलं 0.51. मग लांबीतला फरक 510 मिलिमीटर. म्हणजे एक मीटरची स्टीलची प्लेट यांच्या हातात दीड मीटर झाली. जाडी 20 वरून 14.6 झाली. अरे, डोंगरावरचा पाइप असा वागला असता तर खोपोली राहिली असती का? आकडा लिहिताना हात कसा थरथरला नाही? यासाठी एक कसोटी कायमची लक्षात ठेवा. साध्या मऊ स्टीलचा यील्ड साधारण 250 एमपीए. 250 भागिले 2 लाख, म्हणजे 1250 मायक्रोस्ट्रेन. हजारात सव्वा. प्रमाणात वागणाऱ्या अशा स्टीलमध्ये उत्तर याच्या आसपासही गेलं तर कान टवकारले पाहिजेत, आणि याच्या पुढे गेलं तर आधी एकक तपासायचं, मग समीकरण. अर्ध्याहून मोठं स्ट्रेन येतंय आणि तुम्ही शांतपणे खाली रेघ मारताय!

चौथा गट छोटा आहे, पण त्यांच्यावर माझा राग जास्त आहे, कारण हे हुशार म्हणवतात. यांनी म्हटलं, घनफळ तर कायम राहतं, म्हणजे तिन्ही स्ट्रेनची बेरीज शून्य. 510 अधिक 120, म्हणजे 630. म्हणून जाडी वजा 630 मायक्रोस्ट्रेन, 0.0126 मिलिमीटर. ऐटीत लिहिलंय. घनफळ कायम राहतं हे तुम्हाला कुणी सांगितलं? ते जवळजवळ खरं आहे ते रबराबद्दल, आणि यील्ड ओलांडून वाहायला लागलेल्या स्टीलबद्दल. तिथे प्वासाँ रेशो 0.5 कडे जातो. इथे तो 0.3 दिलाय. आपली तीन उत्तरं मिळवा: 510 अधिक 120 वजा 270, म्हणजे 360 मायक्रोस्ट्रेन. घनफळ वाढलं आहे. आता दुसऱ्या वाटेने पडताळा घ्या:

```
ε₁ + ε₂ + ε₃ = (1 − 2ν)(σ₁ + σ₂ + σ₃) / E
```

0.4 गुणिले 180, भागिले 2 लाख. 360. जुळलं. हा पडताळा करायला अर्धा मिनिट लागतो. प्रत्येक पेपरात खाली जागा शिल्लक होती, वेळही होता. कुणी केला? एकानेही नाही. उत्तर आलं की सुटलो, ही तुमची वृत्ती आहे. पाट्या टाकणं म्हणतात याला.

बरं, "बदल शून्य"वाल्यांना एक संधी देतो. बिनजोराच्या जाडीत खरोखर बदल शून्य केव्हा येईल? विचार करा. σ₃ शून्य असताना ε₃ मध्ये उरते ती σ₁ आणि σ₂ ची बेरीज. ती बेरीज शून्य झाली तरच जाडी जागची हलत नाही. म्हणजे एका दिशेने 120 ताण आणि दुसऱ्या दिशेने 120 दाब. शाफ्टला पीळ दिला की त्याच्या पृष्ठभागावर तिरक्या दिशेने नेमकं हेच होतं. तेव्हा तुमचं उत्तर एका ठिकाणी बरोबर होतं, पण ते ठिकाण तुमच्या प्रश्नात नव्हतं. आणि दोन्ही दिशांनी दाब असेल तर जाडी वाढेल. चिन्हं पाळा. दाबाचं वजा चिन्ह वाटेत सांडून पुढे जाणारे तुमच्यात कमी नाहीत.

इथपर्यंत ज्याने बरोबर सोडवलं त्याने फार फुशारून जाऊ नये. त्याची चूक मी आता काढतो. "पाइपात लांबीच्या दिशेने नेहमी हूपच्या निम्मा स्ट्रेस" असं पाठ करून बसलात ना? मग सांगा, घाटातल्या पाइपात तो निम्मा स्ट्रेस येतो का?

आता हाका मारूनही कुणी वर बघणार नाही. मीच सांगतो.

निम्मा स्ट्रेस येतो तो दोन्ही तोंडं बंद असताना आणि पाइप मोकळा असताना, कारण झाकणांवर पडणारा पाण्याचा जोर पत्र्याने तोलावा लागतो. कारखान्यात पाइपाची दोन्ही तोंडं झाकणं जोडून बंद केली आणि पाण्याच्या दाबाने तपासणी केली, तर हे खरं. डोंगरावर पाइप असा नुसता ठेवत नाहीत. वळणावळणावर काँक्रिटचे अजस्र ठोकळे असतात, त्यांना अँकर ब्लॉक म्हणतात. पाइप त्यांत जखडलेला असतो. दोन ठोकळ्यांच्या मधे पाइप लहान आधारांवर सरकत राहू शकतो, आणि बऱ्याच ठिकाणी एक सरकता सांधा ठेवतात. तो एक्स्पान्शन जॉइंट. म्हणजे झाकणाचा जोर ठोकळा घेतो, पत्रा घेत नाही. मग लांबीच्या दिशेचा स्ट्रेस ठरतो तो पाइप टोकांना कसा धरलाय त्यावर. पाणी तेच, दाब तोच, पत्रा तोच. टोकं कशीही धरा, हूप स्ट्रेस 120 च. पण बाकी सगळं बदलतं.

सरकता सांधा असेल तर σ₂ जवळजवळ शून्य. जवळजवळ म्हणतो, कारण आधारांवरचं घर्षण, उतारावर पाइपाचं स्वतःचं वजन, सांध्याच्या तोंडावरचा दाब, यांचं थोडं काहीतरी राहतं. ते बाजूला ठेवा. मग ε₁ येतो 600, ε₂ येतो वजा 180, आणि जाडीही वजा 180. लांबीच्या दिशेने कुणी ओढत नाही, दाबत नाही, तरी दाब चढला की पाइप आखूड होतो. 100 मीटर पाइपात किती? 18 मिलिमीटर. हे काही मायक्रॉनचं प्रकरण नाही. सांध्यापाशी पट्टी धरून बसलात तर डोळ्यांना दिसेल. दहा अंश तापमान वाढलं तर तोच पाइप 12 मिलिमीटर लांब होतो, त्याच्याशी ताडून पाहा. म्हणून भर उन्हात रिकामा तापलेला पाइप गार पाण्याने भरला की दोन्ही कारणांनी आखूड होतो. त्या सांध्याला ही सगळी ये-जा पुरली पाहिजे. "लांबीच्या दिशेने जोर नाही, म्हणून हालचाल नाही" असं धरून कुणी सांधा आखला, तर त्याचं पॅकिंग पहिल्याच हंगामात गळायला लागेल. आणि तोच 100 मीटर पाइप बंद तोंडाचा आणि मोकळा असता तर? ε₂ अधिक 120, म्हणजे 12 मिलिमीटर लांब. एकाच दाबाने एक पाइप वाढतो, दुसरा आखडतो. कशाने? फक्त टोकं कशी धरली त्याने.

आता तिसरी तऱ्हा. सांधा नाहीच, दोन्ही टोकं ठोकळ्यांत पक्की. पाइपाला आखूड व्हायचंय, पण ठोकळे होऊ देत नाहीत. म्हणजे ε₂ शून्य. इथे तुम्ही उलटी उडी मारणार: स्ट्रेन नाही, म्हणजे स्ट्रेस नाही! अजिबात नाही. ε₂ च्या समीकरणात शून्य घाला. σ₂ वजा 0.3 गुणिले 120 बरोबर शून्य. σ₂ आला 36 एमपीए. तो ताण आहे, आणि तो ठोकळा पाइपाला ओढून धरतो म्हणून आहे. पत्र्याचं आडवं क्षेत्रफळ पाय गुणिले 1000 गुणिले 20, सुमारे 62,800 चौरस मिलिमीटर. त्याला 36 ने गुणा. साडेबावीस लाख न्यूटनपेक्षा जरा जास्त, म्हणजे जवळपास 230 टनांची ओढ, पाइपाच्या प्रत्येक टोकाला. मिलिमीटरभरही हालचाल न दिसणाऱ्या दिशेला 230 टन. आता कळलं, ते ठोकळे एवढे अवजड का असतात? आणि हे तर दाबामुळे पाइप आखडू पाहतो त्याचंच. वळणावर पाणी ढकलतं ते वेगळं.

या तिसऱ्या तऱ्हेत हूपचा स्ट्रेन 546 येतो आणि जाडीचा वजा 234, म्हणजे 0.0047 मिलिमीटर. आता जाडीचे तिन्ही आकडे शेजारी ठेवा. बंद तोंडाचा मोकळा पाइप 0.0054, जखडलेला 0.0047, सरकता 0.0036. म्हणजे जाडी किती कमी होते हे नुसत्या दाबावरून सांगताच येत नाही. टोकं कशी धरली हे विचारल्याशिवाय ते कुणी सांगूच नये.

एक खुलासा, नाहीतर उद्या कुणीतरी शहाणा येऊन सांगेल. पाइपाच्या आतल्या बाजूला पाणी पत्र्याला 4.9 एमपीएने दाबतं, म्हणजे तिथे σ₃ शून्य नाही. बाहेरच्या बाजूला शून्य आहे. जाडीभर सरासरी धरली तर साधारण 2.5 चा दाब. त्याने जाडी आणखी सुमारे 12 मायक्रोस्ट्रेनने कमी होते, म्हणजे 0.0054 चं 0.0056 होतं. पातळ पाइपात आपण तो सोडतो, आणि सोडतोय हे माहीत असून सोडतो. पत्रा जाड आणि व्यास लहान झाला की सोडता येत नाही, तिथे जाड नळीची समीकरणं लागतात.

आता तो मघाचा "थोडाच फरक आहे"वाला. उभा राहा. समज, उद्या तुला खोपोलीच्या एखाद्या कारखान्यात नोकरी लागली आणि पाइपावर स्ट्रेन गेज लावून स्ट्रेस काढायला सांगितलं. गेज म्हणजे काय, चिकटवलेली एक बारीक जाळी. पत्रा ताणला की तिचा विद्युतरोध बदलतो. ती स्ट्रेन मोजते. स्ट्रेस मोजत नाही, कधीच नाही. तू परिघाच्या दिशेने एकच गेज लावलास आणि वाचलेल्या आकड्याला E ने गुणलंस. बंद तोंडाच्या पाइपात 510 वाचशील आणि 102 एमपीए लिहून देशील. खरा आहे 120. पंधरा टक्के कमी! कमी दाखवणारी चूक, म्हणजे धोक्याच्या बाजूची. साहेब सही करील, आणि दाब आणखी वाढवायला हरकत नाही असं ठरेल. जखडलेल्या पाइपात तू 109 लिहिशील. सरकत्या पाइपात 120 लिहिशील आणि बरोबर येशील, पण निव्वळ नशिबाने. तेव्हा तर जास्तच वाईट, कारण मग तू सगळीकडे तसंच करशील.

मग करायचं काय? दोन गेज लावायचे, एकमेकांना काटकोनात, एक परिघाच्या दिशेने आणि एक लांबीच्या. बाहेरच्या बाजूला σ₃ शून्य आहे, म्हणून दोन वाचनं पुरतात. समीकरण उलटं करा:

```
σ₁ = E (ε₁ + ν ε₂) / (1 − ν²)
σ₂ = E (ε₂ + ν ε₁) / (1 − ν²)
```

510 आणि 120 घाला. 510 अधिक 36, म्हणजे 546 मायक्रोस्ट्रेन. 2 लाख भागिले 0.91 ने गुणा. 120 आले. लांबीच्या दिशेला तर E ने नुसतं गुणलं असतं तर 24 आले असते, खरे 60 आहेत. तुझा तो "थोडा फरक" अडीच पट आहे. बस खाली.

आणि गेज पाइप रिकामा असताना लावायचा, शून्य तेव्हा घ्यायचं. भरलेल्या पाइपाला चिकटवलात तर तो शून्यच दाखवील, कारण त्याला आधीचा ताण माहीतच नाही; तो लावल्यानंतर काय बदललं तेवढंच सांगतो. ठोकळ्यालगत किंवा वेल्डच्या काठावर लावलात तर तिथे पत्रा वाकतोही, आणि आपण केलेला साधा हिशेब तिथे चालत नाही.

कुणीतरी पेपरात शेवटी लिहिलंय, "जाडीतला बदल अल्ट्रासोनिक गेजने मोजून पडताळता येईल." चांगली कल्पना, पण आकड्याकडे पाहून बोलावं. साध्या जाडीमापकावर मिलिमीटरचा शंभरावा भाग दिसतो, 0.01. आपला बदल 0.0054. त्या यंत्राला तो दिसणारच नाही. पाइपाची जाडी वर्षानुवर्षं मोजतात ती गंज आणि झीज किती झाली हे बघायला, आणि ती झीज मिलिमीटरच्या हिशेबात असते. दाबाने आलेलं पातळपण पाणी सोडलं की परत जातं, झीज परत जात नाही. तेव्हा गेजवर 19.2 दिसलं तर "दाबाने पातळ झाला असेल" असं म्हणणारा अभियंता माझा विद्यार्थी होता असं कुणाला सांगू नका.

चुका ढीगभर केल्यात, पण मुळाशी एकच आहे. तुम्ही स्ट्रेस आणि स्ट्रेन एकाच नाण्याच्या दोन बाजू समजता. एक शून्य तर दुसरा शून्य. आज तुम्हाला जाडीच्या दिशेला स्ट्रेस नसताना स्ट्रेन दाखवला, आणि जखडलेल्या पाइपात स्ट्रेन नसताना 36 एमपीएचा स्ट्रेस दाखवला. यापुढे प्रत्येक दिशेला दोन वेगळे प्रश्न विचारायचे: इथे जोर किती, आणि इथे हालायची मुभा किती? दोन्हींपैकी एक बाहेरच्या परिस्थितीवरून ठरतं, दुसरं समीकरणातून निघतं. कुठलं कुठून येतं हे न ठरवता आकडे भरायला बसलात की झालंच तुमचं.

मार्क? दहापैकी. दोन-चार जण सोडले तर तीनच्या वर कुणी नाही. पेपर परत मिळणार नाहीत, ते माझ्याकडे राहतील.

उद्या सकाळी पहिल्या तासाला प्रत्येकाने पूर्ण सोडवून आणायचं. पत्रा तोच, 20 मिलिमीटर, पाइप तसाच उतारावरचा. दोन गेज, पाइप रिकामा असताना शून्य केलेले. पाणी भरल्यावर परिघाच्या दिशेने 528, लांबीच्या दिशेने 60. σ₁ आणि σ₂ काढा, जाडीतला बदल काढा, घनफळाचा पडताळा खाली लिहा. आणि दोन ओळींत सांगा, हा पाइप मोकळा बंद तोंडाचा, सरकता की जखडलेला; आणि तिन्हींपैकी एकातही बसत नसेल तर तो कशाकशाच्या मधे आहे, आणि अँकर ब्लॉक नेमकं काय करत असला पाहिजे. नुसतं उत्तर आणणाऱ्याला वर्गात बसू देणार नाही. गाडी चुकली ही सबबही चालणार नाही. कर्जतहून खोपोलीच्या गाड्या मलाही पाठ आहेत.